सागवानी कपाट-पलंग घेताना आधी कड बघा

फर्निचरच्या दुकानात "हे सागवान आहे ना?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "शंभर टक्के सागवान, ताई." गंमत म्हणजे बहुतेक वेळा दुकानदार खोटं बोलत नसतो. समोरच्या दारावर हात फिरवता ते सागवानच असतं. फक्त ते किती जाड आहे हे तुम्ही विचारलेलं नसतं आणि त्यानं सांगितलेलं नसतं.

विनिअर म्हणजे खऱ्या सागवानाच्या ओंडक्यातून काढलेला पातळ पापुद्रा. सजावटीचं विनिअर साधारण अर्ध्या मिलिमीटरचं असतं. ते प्लायवर चिकटवतात आणि वरून पॉलिश करतात. सुतार ज्याला टीक प्लाय म्हणतात तो चार मिलिमीटरचा ताव, पण त्यातही सागवान म्हणजे वरचा पापुद्राच, खाली दुसऱ्याच लाकडाचे थर. म्हणून लोक घरून शिकून येतात त्या परीक्षा इथं कुचकामी ठरतात. वास घेतला तर वास सागवानाचा येणार, कारण वर सागवान आहे. नखानं खरवडलं तर खालून सागवानच दिसणार. पाण्याचा थेंब टाकला तर तो पॉलिशवर बसणार, त्याला लाकडाचा पत्ताच लागत नाही. या परीक्षा फार तर लाकडाची जात सांगतात, जाडी सांगत नाहीत.

वजनाचंही तेच. "खरं सागवान जड असतं" असं म्हणतात, पण सुकलेल्या सागवानाच्या एका घनमीटरचं वजन साधारण साडेसहाशे किलो भरतं आणि बऱ्या प्लायचंही त्याच्याच आसपास. उचलून फरक कळत नाही. टकटक करून बघण्याचीही एक पद्धत आहे. पातळ प्लायचा पोकळ आवाज येतो खरा, पण अठरा मिलिमीटरचा प्लाय फळीसारखाच वाजतो.

मग बघायचं काय? फळी जिथं संपते ती जागा. कड, टोक, कोपरा, भोक. पापुद्रा वरून काहीही दाखवू शकतो, पण फळी कापली तिथं आत काय आहे हे झाकायला वेगळी पट्टी लावावी लागते, आणि ती पट्टी ओळखता येते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीच्या आहेत.

तयारी

दिवसाउजेडी जा. संध्याकाळी शोरूममधल्या पिवळ्या दिव्यांखाली सगळंच लाकूड सोनेरी दिसतं. मोबाईलचा टॉर्च, मोजपट्टी आणि एक स्क्रू-ड्रायव्हर जवळ असू द्या. वर बघायला स्टूल मागा. स्टूल मागितल्यावर दुकानदाराचा चेहरा बदलला तर तीही माहितीच समजा.

दाराची वरची कड

कपाटाचं दार उघडा, स्टुलावर चढा आणि दाराची वरची कड बघा. कपाटाच्या डोक्याजवळ असल्यानं तिथं कोणी बघत नाही आणि पॉलिशही बेताचंच असतं.

आधी लाकूड टोकाला कसं दिसतं ते समजून घ्या. झाड उभं वाढतं, त्यामुळे फळीच्या लांबीत रेषा उभ्या धावतात. पण फळी आडवी कापली की त्या कापावर रेषा नसतात, तिथं बारीक भोकं दिसतात आणि वर्षावर्षाच्या वाढीच्या कमानी दिसतात. सागवानात या कमानी ठळक असतात. प्रत्येक कमानीच्या सुरुवातीला मोठ्या भोकांची एक ओळ आणि पुढे बारीक भोकं. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करून फोटो काढा, साध्या डोळ्याला न दिसणारी भोकं त्यात दिसतील. पापुद्र्याला असा काप नसतोच, आणि प्लायच्या कडेवर दिसतात एकावर एक रचलेले थर.

आता दार. खरं सागवानी दार सहसा एकाच रुंद फळीचं नसतं. ते चौकटीचं असतं. दोन बाजूंना दोन उभ्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत जातात, त्यांच्यामध्ये आडव्या पट्ट्या कुसू घालून बसवतात आणि मधल्या जागेत पॅनल. अशा दाराच्या वरच्या कडेवर काय दिसायला हवं? दोन्ही टोकांना, प्रत्येकी दोन-तीन इंच, भोकं आणि कमानी असलेला आडवा काप, कारण तिथं उभ्या पट्ट्यांची डोकी आहेत. मध्ये मात्र लांब धावणाऱ्या रेषा, कारण तिथं आडवी पट्टी आहे. आणि जिथं एक संपून दुसरी सुरू होते तिथं सांध्याची बारीक रेघ.

याउलट, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग एकच पट्टी, रेषा आडव्या धावणाऱ्या, कुठंही भोकं नाहीत, तर ती प्लायच्या कडेला लावलेली लिपिंगची पट्टी आहे. काही ठिकाणी ती कोपऱ्यात तिरकी कापून फोटोफ्रेमसारखी जोडलेली असते. लिपिंग जाड असेल तर दाराच्या दर्शनी बाजूलाही कडेपासून पाच-दहा मिलिमीटर आत, कडेला समांतर अशी एक रेघ दिसते. टॉर्च लाकडाला टेकवून तिरका मारा, म्हणजे ती रेघ उठून दिसेल.

इथं एक फसगत होऊ शकते. ब्लॉक बोर्ड नावाचा प्रकार असतो, त्याच्या पोटात हलक्या लाकडाच्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवलेल्या असतात. त्याची कड उघडी असेल तर आत "लाकूड" दिसतं आणि माणूस निश्चिंत होतो. पण नीट बघितलं तर त्या लाकडाच्या वर आणि खाली पातळ थरांच्या दोन रेघा कडेभर धावताना दिसतात. सलग फळीत तशा रेघा नसतात.

रेषा कडेवरून वळते का

दर्शनी बाजूवरची एखादी ठळक रेषा किंवा गाठ निवडा, जी फळीच्या कडेपर्यंत येते. आता तिचा पाठलाग करा. सलग लाकडात ती रेषा कडेवर वळते, म्हणजे वरची रेघ जिथं संपते तिथूनच कडेवरची रेघ सुरू होते. विनिअरमध्ये वरची रेघ कडेला येऊन तुटते आणि कडेवर दुसऱ्याच लाकडाची दुसरीच रेघ असते.

गाठीचंही तसंच. इंचभर जाडीच्या फळीत दर्शनी बाजूला गाठ असेल तर मागच्या बाजूला साधारण त्याच जागी तिची खूण असते, कारण गाठ म्हणजे आरपार गेलेल्या फांदीचं मूळ. दर्शनी बाजूला गाठ आणि मागे गुळगुळीत, सरळ रेषांचं लालसर लाकूड, असं असेल तर पुढचं आणि मागचं एकाच फळीचं नाही.

शेजारच्या दोन दारांची नक्षीही जुळवून बघा. विनिअरचे पापुद्रे एकाच ओंडक्यातून एकापाठोपाठ काढलेले असतात, त्यामुळे दोन दारांवर तीच नक्षी जवळजवळ जशीच्या तशी येते, किंवा आरशात बघितल्यासारखी उलटी. दिसायला ते सुंदरच असतं. पण डाव्या दारावरची गाठ उजव्या दारावर त्याच उंचीला दिसली, तर विनिअरची शंका पक्की धरा.

पॅनल हलतं का

ही परीक्षा मला सगळ्यांत आवडते, कारण ती लाकडाच्या स्वभावावर उभी आहे आणि आपल्या हवेत ती चांगली कळते.

लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. तेही लांबीत नाही, रुंदीत. नाशिकचा एप्रिल-मे कोरडा आणि जुलै-ऑगस्ट ओला. एवढ्या फरकात दीड फूट रुंदीचं सागवानी पॅनल तीन-चार मिलिमीटर मागेपुढे होऊ शकतं. ते चौकटीत चारही बाजूंनी चिकटवून टाकलं तर उन्हाळ्यात फाटेल, नाहीतर पावसाळ्यात सांधे उचकटेल. म्हणून जाणता सुतार सागवानी पॅनल चौकटीच्या खाचेत नुसतं बसवतो, डिंक लावत नाही.

त्यामुळे अंगठ्यानं पॅनल कडेजवळ दाबा. सलग लाकडाचं असेल तर बऱ्याचदा किंचित हलल्याचं जाणवतं. उन्हाळ्यात बघत असाल तर पॅनलच्या उभ्या कडेला, चौकटीच्या अगदी जवळ, पॉलिश न लागलेली फिकट उभी रेघ दिसू शकते. पॉलिश केलं तेव्हा तेवढा भाग खाचेत लपला होता, आता पॅनल आकसल्यानं बाहेर आला. अनेक जण ही रेघ दोष समजून दुकानदाराशी वाद घालतात. वाद घालू नका, ती तुमच्या बाजूची साक्ष आहे.

दुसरी खूण सांध्याची. दीड फूट रुंदीची एकच सागवानी फळी मिळणं कठीण आणि महाग, म्हणून रुंद पॅनल दोन-चार फळ्या कडेला कड जोडून करतात. त्या सांध्यांशी रेषांचा रोख थोडा बदलतो, रंगही किंचित वेगळा पडतो. सांधे दिसतात म्हणजे माल हलका, असा समज उलटा आहे. दोन फूट रुंदीचं, एकाही सांध्याशिवाय, आरशासारखं सपाट आणि सगळीकडे एका रंगाचं दार दिसलं, तर मी आधी विनिअर समजतो आणि मग विरुद्ध पुरावा शोधतो.

भोकं आणि पाठ

कुलपाचं भोक, हँडलच्या स्क्रूची भोकं, वायर जायला पाडलेलं भोक, या जागा पॉलिशवाल्याच्या हाताबाहेर असतात. आत टॉर्च मारा. प्लाय असेल तर आत फिकट-गडद-फिकट असे थर दिसतात, सलग लाकूड असेल तर एकच रंग.

हल्लीच्या कपाटांना वाटीसारखी गोल बिजागरी असते. ती बसवायला दाराच्या आतल्या बाजूला ३५ मिलिमीटर व्यासाचा आणि दहा-बारा मिलिमीटर खोल खळगा पाडलेला असतो. दुकानदाराला विनंती करून एका बिजागरीचे दारावरचे दोन स्क्रू काढायला लावा आणि वाटी बाहेर काढा. खळग्याच्या भिंतीवर सगळं उघडं पडतं. दोन मिनिटांचं काम आहे आणि बिजागरी पुन्हा तशीच बसते. हजारो रुपये मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला एवढं करू न देणाऱ्या दुकानातून मी तरी घेणार नाही.

शेवटी खण, खणांच्या खालची बाजू आणि पाठ याच खुणांनी बघा. कपाटाची पाठ बहुतेक सगळीकडे पातळ प्लायचीच असते, अगदी चांगल्या सागवानी कपाटातही, आणि त्यात काही चूक नाही.

एक कपाट, सविस्तर

गंगापूर रोडला नव्या फ्लॅटमध्ये आलेल्या ओळखीच्या जोडप्याबरोबर मी एक कपाट बघायला गेलो होतो. साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद, दोन दारांचं, गडद पॉलिशचं. दुकानदार म्हणाला, "दादा, पूर्ण सागवान. घ्या आणि नातवंडांना द्या."

दाराची वरची कड बघितली तर दोन्ही टोकांना अडीच इंचात छान कमानी, भोकांच्या ओळी, मध्ये आडवी पट्टी. चौकट खरी सागवानी. पॅनल दाबलं तर हललं नाही. दोन्ही दारांच्या पॅनलवर मात्र डोंगराच्या शिखरासारखी तीच नक्षी, त्याच उंचीवर. दार उघडून आतून बघितलं तर पॅनलची मागची बाजू सरळ रेषांची, लालसर. दर्शनी शिखराचा तिथं मागमूस नाही. म्हणजे पॅनल विनिअरचं. कपाटाची बाजू बघितली: दोन फूट खोलीची सलग, एकही सांधा नाही, पुढच्या कडेला सहा मिलिमीटरची पट्टी, आणि आतल्या वायरच्या भोकात स्पष्ट थर. बाजू प्लायच्या. आतले खण तसेच. खणांच्या पुढच्या कडेला सागवानाची पट्टी होती, तेवढीच.

थोडक्यात दारांच्या चौकटी आणि पुढच्या पट्ट्या सागवान, बाकी प्लाय. जोडप्यातल्या ताईंनी शांतपणे हेच एकेक करून दुकानदाराला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "ताई, सगळे असंच करतात." हे त्यानं खरं सांगितलं. बाजारात ज्याला सागवानी कपाट म्हणतात ते बहुतेक वेळा असंच मिश्र असतं. माझं मत विचाराल तर कपाटासाठी हा प्रकार वाईटही नाही: रुंद बाजूंना चांगला प्लाय वाकत नाही, फाटत नाही. फक्त किंमत मिश्र मालाची असावी. जोडप्यानं कपाट घेतलं, पण भाव नव्यानं ठरवून.

पलंगाचं वेगळं

पलंगात प्लाय कुठं आहे यापेक्षा कुठं नसावा हे महत्त्वाचं. पाय, बाजूच्या लांब पट्ट्या आणि मधला आधार यांवर वजन येतं आणि सांधे इथंच असतात. पलंग एका बाजूनं उचलायला लावा आणि पायाचा तळ बघा. तिथं आडवा काप आणि कमानी दिसायलाच हव्यात. तळाला बुच मारलं असेल तर ते काढायला सांगा. बाजूच्या पट्टीची आतली आणि खालची कड बघा, तिथं सहसा पॉलिश नसतं. सालीलगतचं फिकट, पांढुरकं लाकूड त्यात किती आहे तेही कळतं. ते सागवानच असतं, पण गाभ्यासारखं टिकाऊ नसतं आणि कीड आधी तिथं लागते. गडद पॉलिशखाली ते लपवणं सोपं असतं. बॉक्सच्या पलंगात मात्र खोका प्लायचाच असतो असं धरून चाला आणि चौकशी फक्त पाय, हेडबोर्ड आणि दर्शनी पट्ट्यांची करा.

पलंगाला आणखी एक परीक्षा लागू पडते, हिशेबाची. लाकूड घनफुटावर विकतात. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ नं भागा. सहा बाय साडेसहाचा, बॉक्स नसलेला पलंग धरू. बाजूच्या दोन पट्ट्या साडेसहा फूट लांब, आठ इंच रुंद, सव्वा इंच जाड: दोन्ही मिळून ०.९० घनफूट. डोक्याची आणि पायाची, सहा फुटांच्या त्याच मापाच्या दोन पट्ट्या: ०.८३. तीन बाय तीन इंचांचे चार पाय, डोक्याकडचे साडेतीन फूट आणि पायथ्याचे दीड फूट: ०.६३. सहा फूट बाय दोन फूट, इंचभर जाडीचा हेडबोर्ड: १.०. मधला आधार साडेसहा फूट, चार बाय दोन इंच: ०.३६. बेरीज पावणेचार घनफुटांच्या जवळ जाते. रंध्यात आणि कापण्यात जाणारं लाकूड धरून सुताराला साडेचार ते पावणेपाच घनफूट विकत घ्यावं लागतं. गादीखालच्या फळ्या यात धरलेल्या नाहीत.

आता लाकडाच्या वखारीत जाऊन त्या दिवशीचा भाव विचारा. सागवानाचा भाव एक नसतो, बल्लारशाचा वेगळा, आफ्रिकेतून आलेल्याचा वेगळा, जुन्या वाड्यातून निघालेल्याचा वेगळा, म्हणून दोन-तीन भाव विचारा. समजा भाव घनफुटाला साडेतीन हजार निघाला, तर नुसतं लाकूडच सोळा हजारांच्या आसपास जातं. त्यावर मजुरी, पॉलिश, भाडं, नफा. आणि दुकानात तोच पलंग पूर्ण सागवान म्हणून पंधरा हजारांना मिळत असेल, तर कड बघण्याआधीच उत्तर मिळालं.

बिलावर काय लिहून घ्यायचं

"सागवानी कपाट १ नग" एवढं लिहिलेलं बिल काहीच सांगत नाही. एकेका भागाचं नाव घालून लिहून घ्या: दाराची चौकट सलग सागवान, पॅनल सागवानी विनिअरचा प्लाय, बाजू आणि खण १८ मिलिमीटर प्लाय, बीडब्ल्यूआर दर्जा, आयएस ३०३, पाठ ६ मिलिमीटर प्लाय. बीडब्ल्यूआर म्हणजे ओलाव्यात थर सहज न सुटणारा प्लाय आणि आयएस ३०३ म्हणजे प्लायसाठीचं भारतीय मानक. बाथरूमच्या भिंतीला लागून कपाट ठेवणार असाल तर बीडब्ल्यूआरचा आग्रह सोडू नका. प्लायच्या तावावर आयएसआयची खूण छापलेली असते. तयार कपाटात ती झाकली जाते, म्हणून ती बघायची तर काम चालू असतानाच.

सुताराकडून करून घेत असाल तर एक अट आधीच घाला: पॉलिश करण्याआधी मला बोलवायचं. पॉलिशआधीच्या कपाटात वर सांगितलेलं सगळं पाच मिनिटांत, टॉर्चशिवाय दिसतं.

दुकानातून घेत असाल तर बघितलेल्या नगावरच आतल्या बाजूला पेन्सिलीनं सही करा आणि फोटो काढून ठेवा. माल घरी आला की टेंपो परत पाठवण्याआधी ती सही आणि दाराची वरची कड, दोन्ही बघून घ्या.